सेलची रील टाकली की ‘लास्ट प्राइस?’ विचारणारेच का येतात

रील्सवर साड्या विकणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. एरवी साडीच्या रीलखाली ‘हा रंग आहे का अजून?’, ‘पदर पूर्ण दाखवा ना’, ‘ब्लाउजपीस सोबत येतो का?’ असे प्रश्न येतात. सेलची रील टाकली की व्ह्यूज वाढतात, पण खाली एकदम ‘लास्ट प्राइस?’, ‘दोन घेतल्या तर किती?’, ‘अजून कमी होईल का ताई’ सुरू होतं. थोडाफार माल जातोही. मात्र सेल संपला की पूर्ण किमतीच्या साडीला कुणी हात लावत नाही, आणि जुन्या गिऱ्हाइकांपैकी एखादी मेसेज करते, ‘मी तर गेल्याच महिन्यात पूर्ण पैसे देऊन घेतली.’ पुढच्या सेलला पुन्हा तेच होतं.

मी छोट्या विक्रेत्यांच्या रील्स एडिट करते. हे दुखणं हातमागाच्या मालात सगळ्यात जास्त दिसतं, कारण तिथे किमतीचं समर्थन कापडातच असतं आणि सेलच्या रीलमध्ये नेमकं कापडच दिसत नाही. म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेते: टोपे-टेणी पदराची हातमागाची इरकल, दुकानाची नेहमीची किंमत ४,८०० रुपये, आणि आषाढात त्यावर २० टक्के सूट, म्हणजे ३,८४०. सूट हीच ठेवायची, रील बदलायची.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

जुनी सेलची रील उघडा, आवाज बंद करा आणि पहिल्याच सेकंदाला थांबवा. पडद्यावर काय आहे? बहुतेक वेळा लाल पट्टी, पिवळ्या अक्षरात ‘२०% ऑफ’, मागे साड्यांचा ढीग. आता दुकानाचं नाव झाका आणि विचारा, हीच चौकट चपलांच्या दुकानाची असू शकली असती का? भांड्यांच्या? उत्तर ‘हो’ आलं तर बिघाड सापडला. बघणाऱ्याला साडी कळण्याआधी सूट कळली. त्यानंतर त्याला जे काही दिसतं, ते तो ‘कमी किमतीतली वस्तू’ म्हणूनच बघतो. ४,८०० हा आकडा त्याच्या डोक्यात कधी बसलेलाच नसतो, त्यामुळे ३,८४० हा त्याला कमी वाटायच्या ऐवजी घासाघीस सुरू करायचा आकडा वाटतो.

यावर हमखास येणारा प्रश्न: ‘पण पहिल्या तीन सेकंदांत पकडलं नाही तर लोक पुढे जातात, मग सूट आधी नको का सांगायला?’ पहिल्या तीन सेकंदांबद्दलचं म्हणणं खरं आहे. फक्त पकडायला सूटच लागते हे कुणी ठरवलं? रीलच्या इन्साइट्समध्ये लोक कुठपर्यंत टिकले याचा आलेख असतो. सेलची रील आणि तुमची सगळ्यात चांगली चाललेली साधी रील, दोन्हींचे आलेख शेजारी ठेवा. सेलच्या रीलमध्ये सूट वाचून झाली की रेघ घसरताना दिसते, कारण बातमी कळली, आता बघायला काही उरलं नाही. साध्या रीलमध्ये लोक पदर पूर्ण उलगडेपर्यंत थांबतात. तुमच्या आलेखात असंच दिसत असेल तर लोकांना थांबवणारी गोष्ट तुमच्याकडे आधीपासून आहे.

इरकलच्या बाबतीत ती गोष्ट मला तरी एकच वाटते: अंग आणि पदर जुळतात ती जागा. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची ही साडी. तिच्या अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा असतो. दोन्हींची सुतं एकमेकांत फासे अडकवून जोडतात, आणि हे दर साडीला नव्याने करावं लागतं. त्या जोडाच्या पुढे लाल जमिनीवर पांढऱ्या नक्षीचा टोपे-टेणी पदर सुरू होतो. खिडकीजवळ, दुपारच्या तिरप्या उजेडात, मोबाइल कापडापासून वीतभर अंतरावर ठेवून हा जोड बोटाने सरकवत दाखवा. साडी न नेसणारा माणूसही तीन सेकंद बघत राहतो. यंत्रमागावरच्या नकलेत तो जोड सहसा नसतो, त्यामुळे ज्याला कळतं त्याला किमतीचं उत्तरही तिथेच मिळतं.

सूट कशाबद्दल, हे सांगितलंय का?

दुसरा बिघाड ऐकायचा असतो. आता आवाज चालू करून रील ऐका आणि सूट ‘का’ आहे याचं एखादं वाक्य सापडतं का बघा. ‘खास आमच्या प्रिय ग्राहकांसाठी’ हे कारण नाही. ‘मान्सून धमाका’ हेही नाही. कारण सांगितलं नाही तर बघणारा स्वतःचं कारण लावतो, आणि ते दोनच असतात: माल खपत नाहीये, किंवा मुळात किंमत फुगवलेली होती.

खादीकडे बघा. गांधी जयंतीला खादी भांडारात सूट लागते हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लोक त्यासाठी खरेदी लांबवतातही, पण सूट आहे म्हणून खादी हलकी असं कुणी म्हणत नाही. दिवस ठरलेला, कारण ठाऊक.

आपल्या उदाहरणात खरं कारण हाताशीच होतं, फक्त ते कुणी बोलत नव्हतं. लग्नसराईसाठी चार रंगांचा माल विणून घेतला होता. आषाढी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त थांबतात, ते रंग अडकून पडतात, आणि गौरी-गणपतीसाठी नवा माल भरायला पैसा मोकळा करावा लागतो. कुठल्याही साडीवाल्याचं आषाढातलं हेच गणित असतं. ते गिऱ्हाइकाला सांगायला लाजायचं काही कारण नाही, उलट ‘चारच रंग, कारण हे चार उरले’ हे ऐकल्यावर सूट आपोआप मर्यादित वाटते आणि बाकीच्या साड्यांची किंमत शाबूत राहते.

इथेच ‘सरसकट’ हा शब्द नडतो. सगळ्या दुकानावर २० टक्के लावले की कोणत्याच साडीची किंमत खरी राहत नाही. चार रंगांवर लावले की पाचव्या रंगाची ४,८०० ही किंमत अधिक पक्की होते, कारण तो रंग सेलमध्येही कमी झाला नाही. ‘५० टक्क्यांपर्यंत’ तर मी सरळ काढायला लावते. त्यात ५० टक्के एखाद्या कोपऱ्यातल्या दुपट्ट्यावर असतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

विणीत दोष असल्यामुळे किंमत कमी असेल तर तो दोष कॅमेऱ्यासमोर दाखवा. सुटलेलं सूत किंवा गाठ बोटाने दाखवायची, साडी थोडी लांब धरायची म्हणजे नेसल्यावर ती जागा निऱ्यांत जाते की पदरावर येते हे कळेल, आणि मग किंमत सांगायची. असं केल्यावर परत येणारा माल कमी होतो. आणि बाकीच्या साड्या तपासून विकल्या जातात, हेही न बोलता कळतं.

किंमत पडद्यावर कशी येते

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा असं माझं मत आहे, कारण स्वस्तपणा बहुतेक वेळा इथूनच शिरतो आणि इथेच तो लवकर दुरुस्त होतो.

पहिलं म्हणजे टक्केवारी काढून टाका. टक्के पडद्यावर आले की तुमची साडी फीडमधल्या इतर सगळ्या टक्क्यांच्या रांगेत जाऊन बसते, आणि त्या रांगेत २० हा आकडा लहानच दिसणार, शेजारी कुणीतरी ७० लावलेलेच असतात. दोन्ही किमती रुपयांत लिहा. ४,८०० वर बारीक रेघ, खाली ३,८४०, दोन्ही एकाच फाँटमध्ये आणि जवळपास एकाच आकारात. नवीन किंमत तिप्पट मोठी करून उड्या मारायला लावली की डोळा कापडावरून उठतो आणि परत जात नाही. ३,८४० चे ३,७९९ करायचा मोहही आवरा. ९९ च्या शेपटीला सेलचा वास येतो, आणि चाळीस रुपयांसाठी तो घ्यायची गरज नाही.

रंग कापडातूनच उचला. पदराचा लाल किंवा काठाचा मोरपंखी घेऊन त्यात अक्षरं लिहिली की पाटी बाहेरून चिकटवल्यासारखी दिसत नाही. किंमत एकदाच, चारेक सेकंद, स्थिर. आवाजात सांगायची असेल तर तिथेही एकदाच, आणि आधीचं वाक्य ज्या सुरात बोललात त्याच सुरात. किंमत आली की आवाज चढवायची सवय बाजारात उभं राहून विकण्यातून आली आहे. तिथे ती लागते. इथे मोबाइल बघणाऱ्याच्या कानाशीच असतो.

आता एक निव्वळ तांत्रिक गोष्ट, जिने मी भले भले सेल बिघडलेले पाहिलेत. रीलची चौकट १०८० × १९२० पिक्सेलची असते, पण ती सगळी तुमची नसते. खाली अकाउंटचं नाव, कॅप्शन आणि गाण्याची पट्टी येते, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं. जाहिरात म्हणून चालवणार असाल तर मेटाची स्वतःचीच शिफारस वरची १४ टक्के आणि खालची ३५ टक्के जागा मोकळी सोडण्याची आहे. म्हणजे वरून साधारण २७० ते १,२५० पिक्सेल एवढ्याच पट्ट्यात महत्त्वाचा मजकूर सुरक्षित. एका रीलमध्ये जुनी किंमत वर आणि नवी खाली अशी मांडली होती. नवी किंमत नेमकी कॅप्शनच्या मागे गेली. लोकांना दिसली ती फक्त रेघ मारलेली किंमत, आणि दिवसभर ‘मग आता कितीला?’ याची उत्तरं देण्यात गेला. एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये सगळं ठीक दिसतं, म्हणून पोस्ट करण्यापूर्वी ड्राफ्ट फोनवर उघडूनच बघा.

आणि रेघ मारलेली किंमत खरी हवी. त्या किमतीला ती साडी खरोखर विकली गेलेली असली पाहिजे, बिलं काढून दाखवता आली पाहिजेत. ही फक्त सभ्यतेची गोष्ट नाही. भ्रामक जाहिराती रोखण्यासाठीची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२२ पासून लागू आहेत. त्यानुसार आमिष दाखवणाऱ्या जाहिरातीत सांगितलेल्या किमतीला माल मिळण्याची खरी शक्यता आणि पुरेसा साठा असावा लागतो, साठा मर्यादित असेल तर तसं सांगावं लागतं. त्यांतला आणखी एक नियम मराठी रीलवाल्यांच्या उपयोगाचा आहे: दावा ज्या भाषेत, अटीही त्याच भाषेत. मराठीत सूट जाहीर करून खाली बारीक इंग्रजीत अटी लिहायची जी पद्धत पडली आहे, ती बंद करा. ‘फक्त ३ शिल्लक’ हेही खरोखर तीन असतील तरच. ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांबद्दलची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं खोटी घाई निर्माण करण्याला त्याच यादीत घालतात. कायदा बाजूला ठेवला तरी, आज तीन आणि परवाच्या रीलमध्ये पुन्हा तीन, हे नियमित बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

बदललेली रील

वरच्या गोष्टी धरून तीच सूट अशी मांडली, सगळी मिळून २४ सेकंद.

पहिले चार सेकंद: जोडाचा क्लोज-अप, बोट सरकतंय. पडद्यावर बारीक अक्षरात ‘इरकल, टोपे-टेणी पदर’. आवाज: ‘अंग संपतं आणि पदर सुरू होतो, ती ही जागा. दर साडीला हा जोड नव्याने करावा लागतो.’

पुढचे आठ सेकंद बोलायचं नाही. साडी एका बाईने नेसलेली, ती वळते, पदर खांद्यावरून सुटतो. मग चारही रंग एकामागून एक, दोरीवर.

बाराव्या सेकंदाला आवाज: ‘लग्नसराईसाठी विणून घेतलेल्यांपैकी हे चार रंग उरलेत. गौरींचा माल यायच्या आत त्यांना घरं मिळायला हवीत.’

सतराव्या सेकंदाला किंमत: ४,८०० वर रेघ, खाली ३,८४०, त्याखाली ‘आषाढ अमावास्येपर्यंत’ आणि तारीख. तिथी ऐकायला गोड वाटते, पण पार्सल मागवणारीला तारीख लागते, म्हणून दोन्ही. आवाज: ‘या चार रंगांना अमावास्येपर्यंत तीन हजार आठशे चाळीस.’

शेवटचे तीन सेकंद: घडी घातलेली साडी, ‘रंग आणि नग कॅप्शनमध्ये’. कॅप्शनमध्ये प्रत्येक रंगापुढे किती साड्या आहेत ते लिहायचं, आणि संपेल तसं ते बदलत राहायचं. कॅप्शन पोस्ट केल्यावरही बदलता येतं, व्हिडिओवर छापलेला मजकूर बदलता येत नाही. साठ्याचा आकडा व्हिडिओवर घालायचा नाही, याचं हेच कारण.

या मांडणीने व्ह्यूज कमी येऊ शकतात, हे आधीच सांगून ठेवते. ‘२०% ऑफ’ने थांबणारे काही लोक थांबणार नाहीत. त्यातले बरेचसे ‘लास्ट प्राइस?’वालेच असतात. म्हणून मोजायचं ते वेगळं: कमेंट्समध्ये रंगाबद्दल किती विचारणा आणि किमतीबद्दल किती, आणि सेलनंतरच्या महिन्यात पूर्ण किमतीच्या किती साड्या गेल्या. दुसरा आकडा सुधारला नाही तर बिघाड रीलमध्ये नाही, दुसरीकडे आहे.

कुणाला आधी कळतं

रील मुख्यतः तुम्हाला न ओळखणाऱ्यांपर्यंत जाते. स्टोरी आणि व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट ओळखणाऱ्यांपर्यंत. सेलची बातमी फक्त रीलने दिली की अनोळखी माणसाशी तुमची पहिली ओळखच सवलतीने होते, आणि जुन्या गिऱ्हाइकाला ती सगळ्या जगासोबत कळते. क्रम उलटा करा. दोन दिवस आधी ब्रॉडकास्टवर चार रंगांचे फोटो आणि किंमत टाका, रील नंतर. बऱ्याचदा दोन रंग रील येण्याआधीच संपतात आणि मग रीलमध्ये दोनच रंग दाखवावे लागतात, जे खरं तर अजून चांगलं.

गेल्याच महिन्यात पूर्ण किंमत देऊन त्याच चारांपैकी रंग घेतलेली कुणी असेल तर तिला रीलच्या आधी स्वतःहून फोन करा. फरकाचे ९६० रुपये पुढच्या खरेदीत वळते करून द्या. पंधरा-वीस दिवसांतली बिलं चाळली तर अशा दोन-चारच निघतात, आणि तोटा दिसतो तेवढा नसतो.

सेल संपल्यावर ती रील तिथेच असते

हे जवळजवळ कुणीच तपासत नाही. दिवाळीत कुणी नवीन बाई प्रोफाइलवर येते, स्क्रोल करते, आणि आषाढातली ३,८४० ची रील तिला सापडते. मग ती विचारते, ‘तेव्हा तर कमी होती?’ प्रश्न रास्त आहे.

यावर उपाय शूटिंगच्या दिवशीच करून ठेवायचा. एकाच प्रोजेक्टमधून दोन फाइल्स काढायच्या: एक किमतीच्या भागासकट, दुसरी तो भाग आणि उरलेल्या मालाचं वाक्य वगळून. सेल संपला की किमतीची रील अर्काइव्ह करायची आणि जोड दाखवणारी बिनकिमतीची रील टाकायची, ती वर्षभर राहू द्या. किमतीच्या रीलवर चांगल्या कमेंट्स आल्या असतील आणि काढवत नसेल, तर निदान कॅप्शनच्या पहिल्या ओळीत ‘ही सवलत संपली आहे’ लिहा. कव्हरवर किंमत किंवा ‘सेल’ कधीच घालू नका. प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये कव्हर उभं कापून छोटं दिसतं आणि तशी चार कव्हर्स शेजारी आली की सगळं दुकानच कायम सेलमध्ये असल्यासारखं वाटतं.

जिथे हा उपाय चालत नाही

साडेतीनशेचा कुर्ता विकणाऱ्याने यातलं काही करू नये. तिथे लाल पाटी आणि मोठा आकडाच बरोबर आहे, त्याचं गिऱ्हाईक तेच बघायला आलेलं असतं. आणि दर महिन्याला कुठली ना कुठली सूट चालूच असेल, तर मांडणी कितीही नीट करा, लोक पुढच्या महिन्याची वाट बघणार. तिथे ४,८०० ही किंमतच मुळात जास्त लागली आहे का, हे बसून तपासायला हवं. ते एडिटरच्या हातात नाही.

‘लास्ट प्राइस?’ पूर्णपणे बंद होत नाही, ते येतच राहील. त्याला वाद न घालता एकच उत्तर: ‘किंमत तीन हजार आठशे चाळीसच आहे ताई. चिंतामणी आणि डाळिंबी रंग शिल्लक आहेत, कोणता ठेवू?’ इनबॉक्समध्ये बोलावून शंभर कमी करायचे नाहीत. एकदा केले की स्क्रीनशॉट फिरतो.